कोंकणी-मराठी-इंग्रजी सभेच्या नोंदींतून एका भाषेतले इतिवृत्त

प्रश्न: "आमच्या पतसंस्थेच्या संचालक मंडळाची सभा कोंकणी, मराठी, इंग्रजी आणि मध्येच हिंदी अशी चालते. मी नोंदी घेते त्याही तशाच मिसळीत. घरी येऊन मराठीत इतिवृत्त लिहायला बसले की नेमकं काय ठरलं आणि कोणी काय कबूल केलं, हेच सापडत नाही. पुढच्या सभेत 'मी असं म्हटलंच नव्हतं' सुरू होतं. पद्धत काय ठेवावी?"

उत्तर:

तुमची अडचण भाषांतराची वाटते, पण ती तिथे सुरू होत नाही. प्रत्येक भाषेत माणूस कमी-जास्त जोराने बोलतो. कोणी मत देतो, कोणी सुचवतो, कोणी काम अंगावर घेतो, कोणी नुसता होकारतो. नोंदीत हा जोर पुसला गेला की मराठीत सगळ्याचे एकच वाक्य होते, "असे ठरले". पुढच्या सभेतला वाद त्या "ठरले"वरच होतो. म्हणून शब्द अचूक उतरवण्याआधी हा जोर टिकवायला हवा. शब्द नंतरही बदलता येतात, पण सभा संपल्यावर जोर आठवणीतून परत आणता येत नाही.

काही गोष्टी तुमच्या संस्थेवर अवलंबून आहेत. इतिवृत्ताची भाषा कोणती, मसुदा किती दिवसांत फिरवायचा, सभेबाहेर फिरता ठराव करता येतो का, हे आधी तुमच्या पोटनियमांत पाहा. गोव्याच्या १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणी राजभाषा ठरली आणि मराठीलाही शासकीय कामात जागा मिळाली, पण तो कायदा सरकारी कारभाराचा आहे. तुमच्या संस्थेचे दप्तर कोणत्या भाषेत असावे, हे त्यातून ठरत नाही. संस्था कंपनी म्हणून नोंदलेली असेल तर मुदती ठरलेल्या आहेत. मसुदा १५ दिवसांत संचालकांकडे जातो, त्यांना सूचनांसाठी सात दिवस मिळतात आणि सभेपासून ३० दिवसांत इतिवृत्त वहीत नोंदलेले असावे लागते. पतसंस्थेला पोटनियम आणि सहकार कायदा लागू होतो. तरी मसुदा दोन-तीन दिवसांत फिरवावा असेच मी सांगेन, कारण आठवड्यानंतर कोणालाच आपले वाक्य नीट आठवत नाही.

आता नोंदवहीकडे येऊ. सभेत बसून मनातल्या मनात मराठी करू नका. ज्याने ज्या भाषेत क्रियापद वापरले, ते तसेच देवनागरीत लिहा. बाकीचे वाक्य तोडके असले तरी चालेल. पानाच्या डावीकडे बारीक रकाना ठेवून त्यात बोलणाऱ्याची खूण लिहा, मध्ये शब्द, आणि उजवीकडे फक्त तीन चिन्हांची जागा ठेवा: निर्णयाला "ठ", कामाला "क", आणि अर्थ धूसर राहिला असेल तर प्रश्नचिन्ह. जास्त चिन्हे ठेवली की ती लावण्यातच लक्ष जाते. प्रश्नचिन्ह सढळ हाताने वापरा, पुढचे बरेच काम त्यावर होते.

क्रियापदांचा जोर आपल्याकडे साधारण असा असतो. "करूंक जाय", "शुड", "होना चाहिए" हे मत. "करूंया", "करूया", "लेट्स डू" ही सूचना, अध्यक्षांनी ती उचलून विषय बंद केला तरच निर्णय. "पळोवया", "लेट्स सी", "देखते हैं" म्हणजे विषय पुढे ढकलला. "हांव करतां", "आय विल", "मैं कर देता हूँ" म्हणजे त्या माणसाने काम स्वीकारले. "बरें", "जाता", "ओके", "सारकें" यांत मात्र सगळ्यात मोठी फसगत आहे. माणूस कधी मान्यता देत असतो, कधी फक्त "ऐकले" इतकेच सांगत असतो, आणि कागदावर दोन्ही सारखे दिसतात. "जाता" लिहिलेत की प्रश्नचिन्ह लावूनच पुढे जा.

इतिवृत्तात या जोरांना ठरलेली मराठी क्रियापदे द्या: "मत मांडले", "सुचवले", "विचार पुढील सभेपर्यंत स्थगित ठेवला", "जबाबदारी स्वीकारली", "ठराव संमत झाला". हीच पाच प्रत्येक सभेला वापरा. शैलीसाठी पर्याय शोधू नका. "नमूद केले", "सूचित केले", "प्रतिपादन केले" असे शब्द अदलाबदलीने आले की वाचणारा त्यांत नसलेले फरक शोधू लागतो. "सविस्तर चर्चा झाली" हे वाक्य तर काढूनच टाका. त्यातून काहीच कळत नाही, आणि निर्णय झाला नाही हे झाकले जाते.

तारखा आणि आकडे मात्र कानावर पडताच अंकांत लिहा. हिंदीत "कल" आणि "परसों" पुढेही जातात, मागेही, आपले "परवा"ही तसेच. कोंकणीतला "बिरेस्तार" म्हणजे गुरुवार, पण येता की त्याच्या पुढचा, हे बोलणाऱ्यालाच माहीत. म्हणून वार लिहिला की शेजारी कॅलेंडरची तारीख टाका. रकमेत एकोणऐंशी आणि एकोणनव्वद ऐकताना बदलतात, हिंदीत उन्यासी आणि नवासीही तसेच. त्यामुळे रक्कम कानावरून अंतिम करू नका, टेबलावर ठेवलेल्या कागदाशी ताडून मगच मसुद्यात घ्या.

आता एक काल्पनिक विषय शेवटपर्यंत नेऊ. सभा शनिवार, ९ मे २०२६ रोजी झाली. चौथा विषय होता म्हापसा शाखेचे गळके छप्पर. नोंदवहीत हे आहे ("अ" अध्यक्ष, "व्य" व्यवस्थापक, सं१ ते सं३ संचालक):

अ: पावसाआदीं जाय. कोटेशनां कितलीं?
व्य: दोन आलीत. १.८५ आणि २.१०. तिसरं येतंय.
सं१: टू इज नॉट इनफ, आपल्या रूलमध्ये लाखाच्या वर थ्री.
सं२: ठेकेदार बोला है परसों भेजेगा.
सं१: बिल्डिंग कमिटीला दाखवूया. आय वुड बी कम्फर्टेबल अप टू टू.
सं३: त्यात माझ्या भाच्याचं कोटेशन आहे, मी बोलत नाही.
अ: बरें. बिरेस्तारामेरेन पळोवया. मागीर सर्क्युलर करूंया.
सं१: पण कमिटी?
अ: जाता.

घाईत यातून बहुतेक असे लिहिले जाते: "म्हापसा शाखेच्या छपराच्या दुरुस्तीस बांधकाम समितीच्या मान्यतेच्या अधीन राहून दोन लाखांपर्यंत मंजुरी देण्याचे ठरले." वाक्य वाचायला शुद्ध आहे, पण त्यातल्या तीनही गोष्टी सभेने ठरवलेल्या नाहीत. मंजुरी कोणी दिली नाही. दोन लाखांची मर्यादा एका संचालकाचे मत होते. समितीची अट त्याच संचालकाने सुचवली आणि अध्यक्षांच्या "जाता"ने ती मान्य झाली की नाही, हे नोंदीवरून सांगता येत नाही. असा मसुदा कायम झाला आणि त्याच्या जोरावर व्यवस्थापकांनी कामाचा आदेश दिला, तर लेखापरीक्षक विचारणार की दोनच दरपत्रकांवर मंजुरी कशी दिलीत. शिवाय या वाक्यात सं३चा हितसंबंध दिसतच नाही.

म्हणून त्याच संध्याकाळी, मराठीत वाक्य करण्याआधी, नोंदी चार गटांत वेगळ्या करा: माहिती, मत, निर्णय, काम. इथे माहिती म्हणजे दोन दरपत्रके, त्यांच्या रकमा, संस्थेचा तीन दरपत्रकांचा नियम, तिसरे सोमवारी येईल हे सं२चे म्हणणे, आणि सं३चा हितसंबंध. मतात अध्यक्षांचे "पावसाआदीं जाय", सं१ची रकमेची मर्यादा, आणि सध्या तरी समितीची सूचना. निर्णयात तिसऱ्या दरपत्रकाची गुरुवार, १४ मेपर्यंत वाट पाहणे आणि नंतर फिरता ठराव. निर्णय इतकाच आहे. कामाच्या गटात मात्र पोकळी दिसते. तिसरे दरपत्रक आणणार कोण? व्यवस्थापक म्हणतात "येतंय", सं२ म्हणतो ठेकेदार पाठवेल, आणि दोघांपैकी एकानेही "मी आणतो" म्हटलेले नाही. मिश्र भाषेच्या सभांत काम बहुधा असेच हरवते, कारण दोन माणसे दोन भाषांत त्याच कामाविषयी बोलतात आणि ऐकणाऱ्याला वाटते की दोघेही बघत आहेत.

उरलेली प्रश्नचिन्हे घेऊन अध्यक्षांना दुसऱ्या दिवशी लिहा. एका ओळीत उत्तर देता येईल असेच प्रश्न विचारा: "तिसरे दरपत्रक मिळवण्याचे काम व्यवस्थापकांचे की सं२ यांचे? बांधकाम समितीला दाखवण्याची अट तुम्ही मान्य केली होती की ती सूचना म्हणून नोंदवू?" सं३ यांना स्वतंत्र विचारा की भाच्याचे दरपत्रक आलेल्या दोनांपैकी कोणते, की येणारे तिसरे. "मसुदा तपासून द्या" अशी मोघम विनंती करू नका. त्याला "ठीक आहे" इतकेच उत्तर येते आणि चूक तशीच राहते.

इथे एक हद्द काटेकोर पाळा. अध्यक्ष सभेत काय बोलले आणि त्याचा अर्थ काय होता, हे ते स्पष्ट करू शकतात. सभेत न झालेला निर्णय ते नंतर इतिवृत्तात घालू शकत नाहीत. ते म्हणाले "हो, 'जाता' म्हणजे मान्यच", आणि सं१लाही तसेच आठवते, तर अट निर्णयात घ्या. ते म्हणाले "तेव्हा नाही ठरलं, पण आता घाल", तर नम्रपणे पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत घ्या. कर्मचाऱ्याकडे काम सोपवणे वेगळे, ते अध्यक्षांच्या नेहमीच्या अधिकारात बसते. फक्त ते "अध्यक्षांच्या सूचनेनुसार" म्हणून दाखवा, सभेचा निर्णय म्हणून दाखवू नका.

समजा उत्तरे आली: काम व्यवस्थापकांचे, समितीची अट सूचनाच होती, भाच्याचे दरपत्रक २,१०,००० रुपयांचे. मसुदा असा होईल:

"विषय ४: म्हापसा शाखेच्या छपराची दुरुस्ती. दुरुस्ती पावसाळ्यापूर्वी व्हावी असे मत अध्यक्षांनी मांडले. व्यवस्थापकांनी रु. १,८५,००० आणि रु. २,१०,००० अशी दोन दरपत्रके सभेपुढे ठेवली. एक लाख रुपयांवरील खर्चासाठी तीन दरपत्रके घेण्याच्या संस्थेच्या नियमाकडे सं१ यांनी लक्ष वेधले. प्रस्ताव बांधकाम समितीला दाखवावा असे त्यांनी सुचवले आणि खर्च दोन लाख रुपयांपर्यंत असावा असे मत मांडले. तिसरे दरपत्रक सोमवार, ११ मे रोजी येईल अशी माहिती सं२ यांनी दिली. रु. २,१०,०००चे दरपत्रक नातेवाइकाचे असल्याचे सं३ यांनी जाहीर केले व चर्चेत भाग घेतला नाही.

निर्णय: तिसरे दरपत्रक गुरुवार, १४ मे २०२६ पर्यंत मिळवावे व त्यानंतर तिन्ही दरपत्रके फिरत्या ठरावाने संचालकांपुढे मंजुरीसाठी ठेवावीत. या सभेत कोणत्याही दरपत्रकास मंजुरी देण्यात आली नाही.

कृती ४.१: तिसरे दरपत्रक मिळवणे. जबाबदार: व्यवस्थापक (अध्यक्षांच्या सूचनेनुसार). मुदत: १४ मे २०२६.
कृती ४.२: तुलना-तक्ता व फिरता ठराव सर्व संचालकांना पाठवणे. जबाबदार: सचिव. मुदत: १६ मे २०२६."

४.२ची मुदत सभेने दिलेली नाही, ती सचिवाने स्वतः घातली आहे. तसे असेल तर मसुदा पाठवताना ते उघड सांगा. फिरता ठराव पोटनियमांत बसत नसेल, तर अध्यक्षांना लगेच कळवून तातडीची सभा सुचवा, मसुदा मुकाट्याने बदलू नका. हितसंबंध असलेल्या संचालकाने खोलीबाहेर जावे असा नियम असेल तर तो केव्हा गेला, केव्हा आला आणि मध्ये गणपूर्ती राहिली का, हेही नोंदवा.

"मंजुरी देण्यात आली नाही" हे वाक्य काहींना अनावश्यक वाटते. मला ते फार मोलाचे वाटते. जिथे पैशांवर बोलणे झाले पण निर्णय झाला नाही, तिथे ते लिहाच. वेगवेगळ्या भाषांत ऐकणाऱ्या सात-आठ माणसांपैकी एखादा तरी "मंजूर झाले" असे समजून उठलेला असतो.

मराठी दफ्तरी वळणाचा एक धोका वेगळा सांगायला हवा. "पाठपुरावा करण्यात यावा", "संबंधितांनी कार्यवाही करावी" ही वाक्ये सहज लिहिली जातात आणि त्यांत करणारा नसतो. सभेत "हांव बँकेक फोन करतां" म्हणून कोणी काम स्वतः घेतलेले असते आणि मराठीत त्याचे "बँकेशी संपर्क साधण्याचे ठरले" होते. निर्णयाच्या वाक्यात हे वळण चालेल, पण कृतीच्या ओळीत पद किंवा नाव, आणि ते एकच, हवे. दोन माणसे लागतच असतील तर पहिले नाव उत्तरदायी आणि दुसरे मदतीला. "समिती" हे जबाबदार म्हणून लिहू नका, समितीचा निमंत्रक लिहा. कृतीचे क्रियापदही शेवट दिसेल असे घ्या. "बघणे" किंवा "चर्चा करणे" पूर्ण झाले की नाही हे कोणी तपासू शकत नाही. "पत्र पाठवणे", "दरपत्रक मिळवणे", "अहवाल सभेपुढे ठेवणे" हे तपासता येते.

मूळ शब्द जसेच्या तसे फक्त तिथे ठेवा जिथे शब्दांवरच पुढे वाद होऊ शकतो: विरोध, राजीनामा, वकिलांचा सल्ला, आरोप. एखाद्या संचालकाने "म्हाका हें मान्य ना, म्हजो विरोध बरय" असे म्हटले तर ते अवतरणात ठेवा आणि पुढे "(ठरावास विरोध नोंदवला)" असे मराठीत लिहा. इतरत्र अवतरणे टाळा, नाहीतर इतिवृत्त पुन्हा चार भाषांचे होते. बँक खात्याचे नाव, कायद्याचे नाव, योजनेचे नाव मात्र कागदपत्रावर असेल तसेच ठेवा. त्यांचे मराठी करायला गेलात तर बँकेत तो ठराव चालत नाही.

ज्यांना मराठी वाचणे जड जाते अशा संचालकांसाठी इंग्रजी किंवा रोमी कोंकणीत अर्ध्या पानाचा सारांश द्यायला हरकत नाही. त्यावर "केवळ माहितीसाठी; अधिकृत मसुदा मराठी" असे लिहा आणि त्यात कृतींचे क्रमांक तेच ठेवा. दोन भाषांत दोन पूर्ण इतिवृत्ते कधीही करू नका. दोन्हींत एका शब्दाचाही फरक पडला की खरे कोणते, यावर नवा वाद उभा राहतो. मंडळाची परवानगी असेल तर ध्वनिमुद्रण ठेवा, पण ते प्रश्नचिन्हे सोडवण्यापुरते. पूर्ण सभा उतरवून काढण्यात दिवस जातो आणि निर्णय त्यात आणखी बुडतात.

आता जी गोष्ट एकटी केली तरी निम्मी प्रश्नचिन्हे नाहीशी होतात ती सांगते. प्रत्येक विषय संपताना, पुढचा सुरू होण्याआधी, दोन वाक्ये मोठ्याने वाचा: एक निर्णयाचे, एक कामाचे. "विषय चार: तिसरे दरपत्रक गुरुवार चौदापर्यंत, मग फिरता ठराव, आज मंजुरी नाही. आणणार व्यवस्थापक. बरोबर?" मराठीत वाचा आणि लगेच तेच कोंकणीत एकदा सांगा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. वरच्या उदाहरणात इथेच व्यवस्थापकांनी आणि सं२ने एकमेकांकडे पाहिले असते आणि समितीचा प्रश्नही सुटला असता. नोंद घेणाऱ्याने मध्ये बोललेले काही अध्यक्षांना रुचत नाही. तसे असेल तर सभेआधी त्यांच्याशी बोलून हे वाचन त्यांच्याच तोंडी द्या आणि तुम्ही चिठ्ठीवर दोन वाक्ये लिहून पुढे सरकवा.

मसुदा फिरवताना कृतींची यादी वेगळी करून दुसऱ्याच दिवशी पाठवा, वर "मसुदा" लिहून. पूर्ण इतिवृत्ताची वाट पाहिली तर १४ तारीख निघून जाते. पुढच्या सभेत आधी इतिवृत्त कायम होते. दुरुस्ती आली तर वहीतला मजकूर खोडू नका, काय बदलले ते त्या सभेच्या इतिवृत्तात लिहा, मग अध्यक्षांची सही घ्या आणि प्रत्येक पानावर आद्याक्षरे. त्यानंतर लगेच जुन्या कृती क्रमांकाने वाचा आणि प्रत्येकीसमोर "पूर्ण", "चालू, नवी मुदत अमुक" किंवा "रद्द, कारण अमुक" यांपैकी एकच लिहा. ४.१ तिसऱ्या सभेतही "चालू" दिसली, तर नवी तारीख घालू नका. ती पुन्हा विषयपत्रिकेवर विषय म्हणून घ्या, म्हणजे मंडळाला तिच्यावर निर्णय घ्यावाच लागेल.